‘मुलांना’ ते ‘मुलांनी’: एका शाळाभेटीच्या पोस्टचं पुनर्लेखन

हे प्रकरण रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका वाडीचं आहे. शाळाभेटींनंतर टाकल्या जाणाऱ्या पोस्टमध्ये जे वारंवार दिसतं ते एकत्र आणून ते रचलं आहे. त्यामुळे यातली शाळा, गट किंवा मुलगी शोधून सापडणार नाही, आणि सापडू नये अशीच काळजी घेतली आहे. कामाची पद्धत आणि चुकांची कारणं मात्र जशी असतात तशीच ठेवली आहेत.

शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते पाचवी. पट २३, शिक्षक दोन, म्हणजे बहुवर्ग अध्यापन. एक बाई पहिली-दुसरी घेतात आणि मुख्याध्यापिका असलेल्या दुसऱ्या बाई तिसरी ते पाचवी एका खोलीत सांभाळतात. जानेवारीतल्या एका शनिवारी, सकाळच्या शाळेला, मुंबईहून १२ जणांचा गट आला. चंद्र आणि भरती-ओहोटी यांवर एक तास घेतला, दप्तरं आणि वह्या वाटल्या, दुपारी व्हरांड्याच्या भिंती रंगवल्या आणि संध्याकाळी परतीची वाट धरली. त्याच रात्री गाडीतून ११ फोटोंसह पोस्ट पडली.

मूळ मजकूर

> आज आयुष्यातला एक अविस्मरणीय दिवस जगलो! मुंबईच्या धावपळीतून वेळ काढून आम्ही १२ जण पोहोचलो कोकणातल्या एका दुर्गम वाडीत. ना धड रस्ता, ना रेंज. पण तिथल्या चिमुकल्यांच्या निरागस डोळ्यांतली चमक पाहिली आणि सगळा शीण पळाला. २३ मुलांना दप्तरं, वह्या आणि रंगपेट्या दिल्या. त्यांना चंद्र आणि भरती-ओहोटी सोप्या भाषेत समजावली. भिंती रंगवून शाळेचं रूप पालटून टाकलं. पायात चप्पल नाही, पण चेहऱ्यावरचं हसू मात्र लाखमोलाचं! तिसरीतल्या (इथे नाव होतं) हिला वडील नाहीत, आई काजूच्या कारखान्यात राबते. तिला दप्तर दिलं तेव्हा तिने ते छातीशी घट्ट धरलं आणि आमचे डोळे पाणावले. यांच्याकडे काहीच नाही, तरी ही मुलं किती आनंदी! आपण किती नशीबवान आहोत हे त्यांना पाहून कळलं. शिकवायला गेलो होतो, शिकून आलो. या चिमुकल्यांसाठी तुम्हालाही काही करायचं असेल तर मेसेज करा.

यात कुणाचा वाईट हेतू नाही. लिहिणाऱ्याला मुलं मनापासून आवडली आहेत, हे वाक्यावाक्यातून दिसतं. तरीही सोमवारी सकाळी मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. पोस्ट रविवारीच वाडीच्या मुंबईकर मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचली होती. त्या मुलीचा मामा नालासोपाऱ्याला राहतो. त्याने ती वाचून बहिणीला फोन केला आणि बहीण शाळेत आली. तिचं म्हणणं थोडक्यात असं होतं: माझ्या मुलीचं दप्तर फाटलेलं नव्हतं, आणि तिच्या बाबांचं काय झालं ते वाडीला माहीत आहे, जगाला कशाला सांगायचं?

कोकणातल्या शाळेवर लिहिताना ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. पोस्ट मुंबईच्या मित्रांसाठी लिहिलेली असली, तरी ती वाडीत पोचणारच. प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी मुंबईत, ठाण्यात किंवा विरारमध्ये आहे आणि गणपती-शिमग्याच्या निमित्ताने हे ग्रुप वर्षभर जागे असतात. ज्यांच्याबद्दल लिहिलं तेच सर्वांत बारकाईने वाचतात.

ओळख लपत नाही

गटातल्या एकीने सुचवलेली पहिली दुरुस्ती सोपी होती: मुलीचं नाव काढू या. पट २०० असलेल्या शाळेत त्याने काही अंशी भागलं असतं. इथे तिसरीत मुली दोनच आहेत. ‘तिसरीतली एक मुलगी’ म्हटलं तरी वाडीला, पंचक्रोशीला आणि मुंबईकर मंडळाला ती कोण ते कळतं. कमी पटाच्या शाळेत इयत्ता आणि मुलगा की मुलगी एवढं सांगितलं की ओळख पटली असं धरूनच चालायचं.

त्यामुळे इथे नियम वेगळा लावावा लागतो. जी गोष्ट ओळख पटल्यावरही मुलाला अभिमानाने सांगता येईल, तीच लिहायची, आणि तीही परवानगीने. वडील नसणं, आईची मजुरी, आजार, घरातली भांडणं, अभ्यासात मागे असणं हे नाव काढूनसुद्धा लिहायचं नाही. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला. त्याच्या कलम १६ मध्ये मुलाचं खासगीपण आणि कुटुंब यांच्याबरोबर मुलाची अब्रू आणि नाव यांनाही संरक्षण दिलं आहे. मुलाला अब्रू असते, ही गोष्ट ‘चिमुकले’ हा शब्द लिहिताना नजरेआड होते.

म्हणून पहिलं काम त्याच तासात करायचं होतं: पोस्ट काढून टाकणं. फेसबुकवर नुसता मजकूर बदलला, तर बदलांच्या इतिहासात जुना मजकूर वाचता येतो. म्हणून ‘एडिट’ न करता पूर्ण पोस्ट काढली. व्हॉट्सॲपवर सर्वांसाठी संदेश पुसायची मुदत ठरावीक असते आणि पुढे पाठवलेल्या प्रती आपल्या हातात राहत नाहीत. त्यामुळे ज्या ग्रुपांवर पोस्ट गेली होती तिथे एक छोटी विनंती पाठवली: ‘शनिवारच्या शाळाभेटीची आमची पोस्ट आम्ही मागे घेतली आहे. त्यात मुलांची खासगी माहिती न विचारता गेली, ही आमची चूक. कृपया ती पुढे पाठवू नका, आपल्याकडची प्रत पुसून टाका.’ या विनंतीत मुलीचा उल्लेख नव्हता. माफी मागताना तीच माहिती पुन्हा सांगण्याची चूक फार जण करतात. ज्यांनी मूळ पोस्ट वाचली नव्हती त्यांनाही मग ती कळते.

नव्याने लिहिण्याआधीचा फोन

नवा मजकूर लिहायला बसण्यापूर्वी बाईंशी फोनवर अर्धा तास बोलणं झालं. प्रश्न चारच होते. पोस्टमध्ये चूक काय होतं? त्या दिवसाचं आमच्या लक्षात न आलेलं काय होतं? कुणाकुणाचं काम आम्ही आमच्या नावावर घेतलं? आणि शाळेला खरोखर काय हवं आहे? ही चार उत्तरं मिळेपर्यंत एकही ओळ लिहायची नाही असं ठरलं. शब्द बदलून मजकूर सुधारत नाही, कारण मूळ गडबड माहितीतच असते.

चपलांचं वाक्य घ्या. फोटोत बाकासमोर उभ्या असलेल्या मुलांचे अनवाणी पाय दिसतात. पण तो फोटो वर्गातला आहे. शाळेत शिरताना चपला पायरीपाशी काढायच्या, ही तिथली रोजची रीत आहे, जशी घरात किंवा देवळात असते. त्याच दिवशीच्या दुसऱ्या एका फोटोत, कोपऱ्यात, पायरीखाली लावलेली चपलांची रांग दिसते. कुणाच्या निळ्या पट्ट्यांच्या, कुणाच्या पावसाळी सँडल, आणि शेवटी गटातल्या मोठ्या माणसांचे बूट. गटाने स्वतःही तिथेच बूट काढले होते. तरी लिहिताना मुलांच्या पायांत गरिबी दिसली आणि आपल्या पायांत शिस्त. हे एक वाक्य तपासलं तरी पोस्टची नजर कुठे बसली होती ते कळतं.

‘२३ मुलांना’ हेही चुकीचं निघालं. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात रोजच्यासारखं लिहिलेलं होतं: पट २३, हजर २१. आकडा फोटोतच होता. दप्तरं तर जूनमध्ये शाळा सुरू होताना मुंबईकर मंडळाने सगळ्यांना दिली होती. गटाने आधी विचारलं नव्हतं, म्हणून दुसरी २३ आली. भिंतींबद्दल बाईंनी सांगितलं की शाळा व्यवस्थापन समितीतल्या आणि इतर पालकांनी आधीचे दोन दिवस संध्याकाळी येऊन पावसाळ्यातलं शेवाळ खरवडलं होतं, भिंत घासून प्रायमर मारला होता. शनिवारी गटाने वरचा रंग दिला. प्रायमर नसता तर तो रंग पुढच्या पावसाळ्यात पापुद्र्यांनी सुटला असता. ‘रूप पालटून टाकलं’ या तीन शब्दांत या पालकांची दोन संध्याकाळची मेहनत नाहीशी झाली. ‘दुर्गम’ शब्दावर बाई थांबल्या. वरच्या रस्त्याला एसटी येते, तिथून पाखाडी उतरून वीस मिनिटांत शाळा येते. बाई स्वतः रोज तशाच येतात.

आणि मग लक्षात न आलेली गोष्ट. भरती-ओहोटीचा तास सुरू होताना गटातल्या शिकवणाऱ्याने विचारलं होतं, आज भरती किती वाजता असेल? त्याला वाटलं, उत्तर येणार नाही आणि तिथून धडा सुरू करता येईल. पाचवीच्या बाकावरून उलट प्रश्न आला: आज तिथी कोणती? अष्टमी होती. मुलांनी बोटांवर आठाची पाऊणपट केली आणि सांगितलं, सहा. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पाणी चढलेलं, बाराच्या आसपास उतरलेलं. वर हेही सांगितलं की आज भांगाची भरती आहे, पाणी फार वर येणार नाही, उधाण पौर्णिमेला येईल.

तिथीला पाऊणने गुणायची ही रीत कोकण किनाऱ्यावर जुनी आहे. ती ढोबळ आहे, प्रत्यक्ष वेळ थोडी मागेपुढे होते, पण तिच्यामागचं गणित पक्कं आहे. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. होडी कधी पाण्यात लोटायची, शिंपल्या काढायला खाजणात कधी उतरायचं, हे घरात याच हिशेबावर ठरतं.

त्या तासात याहून मोठं काही घडलं नव्हतं. पण त्याचा फोटो नव्हता. बहुतेक फोन दप्तरवाटपाच्या वेळी बाहेर निघाले आणि पोस्ट फोटोंभोवती लिहिली गेली. म्हणून मजकुरात उलटंच आलं: ‘त्यांना चंद्र आणि भरती-ओहोटी सोप्या भाषेत समजावली.’

विभक्तीची चाचणी

मराठीत लिहिणाऱ्याला मजकूर तपासायची एक हुकमी सोय आहे. कर्ता कोण आणि ‘ला-ना’ कुणाला लागलंय, ते मोजायचं. मूळ पोस्टमध्ये १४ वाक्यं आहेत. मुलांना, त्यांना, हिला, तिला, पुन्हा त्यांना: पाच वेळा मुलं दुसऱ्याच्या क्रियेच्या टोकाला आहेत. मुलाने स्वतः काही केलं असं वाक्य एकच आहे, ‘तिने ते छातीशी घट्ट धरलं’. म्हणजे पूर्ण मजकुरात मुलं एकच काम करतात: दिलेली वस्तू घेतात. पाहणं, देणं, समजावणं, रंगवणं, पालटणं, शिकणं ही सगळी क्रियापदं गटाची.

‘मुलांना’ आणि ‘मुलांनी’ यांत एका स्वराचा फरक आहे, पण माणूस तिथेच बदलतो. म्हणून कागदावर दोन रकाने पाडायचे, एकात ‘ना’, दुसऱ्यात ‘नी’, आणि मजकुरातून एकेक शब्द उचलून टाकायचा. पाच मिनिटांत चित्र उभं राहतं.

ही चाचणी फसवताही येते. गटाचा दुसरा मसुदा तसाच फसला. त्यात होतं: ‘मुलांनी दप्तरं आनंदाने स्वीकारली. मुलांनी आमचं मनापासून स्वागत केलं. मुलांनी आम्हाला जगणं शिकवलं.’ प्रत्येक वाक्यात ‘नी’ आहे, पण प्रत्येक क्रिया पाहुण्यांकडे तोंड करून उभी आहे. पाहुणे आले नसते तर या मुलांकडे करण्यासारखं काहीच नव्हतं, असा त्याचा अर्थ होतो. म्हणून चाचणीचा दुसरा भाग: आपण तिथे नसतो तरी मुलांनी हे केलं असतं का? भरतीचा हिशेब केला असता. दप्तर स्वीकारलं नसतं.

‘शिकवायला गेलो होतो, शिकून आलो’ हे वाक्य काढायला गटातले लोक सर्वांत जास्त कचरले, कारण ते नम्र वाटतं. पण त्यात मुलांकडून नेमकं काय शिकलो ते कुठेच नाही. रिकामं ठेवलेलं असल्यामुळे ते कुठल्याही शाळेला, कुठल्याही मुलांना लागू पडतं, आणि मुलं पाहुण्यांच्या मनाला उभारी देण्याच्या कामी लागतात. खरोखर शिकला असाल तर काय शिकलात ते लिहा. मग हे वाक्य लिहायची गरजच उरत नाही. ‘यांच्याकडे काहीच नाही, तरी किती आनंदी’ हेही याच जातीचं आहे. एका दिवसाच्या भेटीत कुणाच्या घरात काय आहे ते दिसत नाही, आणि पाहुण्यांसमोर मुलं हसतात यावरून ती सुखी आहेत असा निष्कर्ष निघत नाही.

दया घालवताना भाषा सरकारी होण्याचाही धोका असतो. एका मधल्या मसुद्यात ‘विद्यार्थ्यांना शैक्षणिक साहित्याचे वाटप करण्यात आले’ असं आलं होतं. त्यात दया नाही, पण माणूसही नाही. ‘चिमुकले’, ‘निरागस’, ‘गोड’ हे शब्द काढल्यावर त्यांच्या जागी कुठला शब्द घालायचा, हा प्रश्नच चुकीचा आहे. तिथे ‘मुलं’ पुरतं, आणि मुलांनी काय केलं ते पुरतं. बाईंचा उल्लेख मात्र आदरार्थीच, जसा वाडीत होतो तसा.

फोटो आणि परवानगी

फोटो काढायला बाईंनी ‘हो’ म्हटलं होतं, यावर गट निर्धास्त होता. पण फोटो काढणं आणि फोटो जगासमोर टाकणं या दोन वेगळ्या परवानग्या आहेत, आणि दुसरी द्यायचा हक्क मुख्याध्यापिकेला नाही. ती पालकांनी द्यायची, आणि मुलाचंही ‘हो’ लागतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती मूल मानली आहे, आणि संस्थांनी मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी असं म्हटलं आहे. पालकसभेत ‘कुणाची हरकत नाही ना?’ असं विचारून मिळालेली शांतता म्हणजे संमती नव्हे. गावातल्या सभेत पाहुण्यांसमोर हरकत घ्यायला कुणाचीच जीभ रेटत नाही.

वेळही महत्त्वाची असते. दप्तर हातात दिल्यावर फोटोची परवानगी मागितली, तर ‘नाही’ म्हणणं जवळजवळ अशक्य होतं. परवानगी वाटपाच्या आधी, आणि शक्य तर भेटीच्या आधीच्या आठवड्यात शाळेमार्फत घ्यावी. इथे ती उलटून गेलेली वेळ भरून काढायची होती. म्हणून ज्या फोटोंचा विचार होता तेच फोटो छापून बाईंकडे पाठवले. सोबत मराठीत अर्ध्या पानाचा कागद: हा फोटो, या मजकुराबरोबर, या पानावर, अमुक तारखेपर्यंत राहील; नको असेल तर कारण न सांगता नाही म्हणा; नंतरही कधीही काढायला सांगता येईल. पालकांनी फोटो हातात घेऊन ठरवलं. चौघांनी हो म्हटलं, दोघांनी नाही. कागद फक्त ‘हो’ म्हणणाऱ्यांचेच जपले, आणि नाही कुणी म्हटलं ते गटाला कळवलंच नाही. एवढी काळजी बाईंनी स्वतःहून घेतली.

अकरा फोटोंतले सात परवानगीपर्यंत गेलेच नाहीत. दप्तर छातीशी धरलेला, पायांचा, रांगेत उभं राहून वस्तू घेतानाचा, खिचडीच्या ताटांवर वरून काढलेला, मुलांना कडेवर घेतलेल्या सेल्फी. निवडीची कसोटी साधी होती: हाच फोटो कुणी आपल्या भाच्याचा, त्याच्या शाळेत जाऊन, असा काढून टाकला असता तर चाललं असतं का? शाळेच्या नावाच्या फलकाचा फोटो चांगला होता, पण तोही काढला. चेहरा, शाळेचं नाव आणि ठिकाण ही तिन्ही एकत्र आली की मूल कुठे, किती वाजता सापडेल ते कुणालाही कळतं. फळ्याच्या फोटोत वरच्या ओळीत शाळेचं नाव होतं, ती कडा कापली. पोस्टला जोडलेलं ठिकाण काढून फक्त ‘रत्नागिरी जिल्हा’ ठेवलं.

शेवटी तीन फोटो उरले. चेंडू आणि टॉर्च धरलेले चार हात. फळ्यावरचा एक प्रश्न. आणि प्रायमर मारलेल्या भिंतीसमोर उभे असलेले पालक, त्यांच्या परवानगीने.

नवा मजकूर

पडद्यावर पोस्टच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचं ‘आणखी वाचा’च्या मागे जातं. बहुतेक लोक तेवढंच वाचतात. म्हणून त्या ओळींत मुलांचं डोकं दिसलं पाहिजे, हे आधी ठरवलं. गट किती जणांचा, कुठून आला, कसा आला हे खाली गेलं, आणि त्यातलं बरंचसं गळलंच.

> ‘आज तिथी कोणती?’ आज भरती किती वाजता, या आमच्या प्रश्नावर पाचवीच्या मुलांनी आधी हे विचारलं. अष्टमी म्हटल्यावर बोटांवर हिशेब झाला: आठाची पाऊणपट सहा. सहाच्या सुमाराला पाणी चढलेलं, पण भांगाची भरती, फार वर येणार नाही.
>
> रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका जिल्हा परिषद शाळेत शनिवारी आम्ही भरती-ओहोटीचा तास घेतला. शनिवारी २१ मुलं हजर होती. वेळ काढायची रीत मुलांनी घरातून आणली होती. ती वेळ रोज पुढे का सरकते, ते चेंडू आणि टॉर्च घेऊन आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिलं. मग चौथीतून प्रश्न आला: चंद्र डोक्यावर एकदाच येतो, तर भरती दोनदा का? आम्हाला तिथल्या तिथे नीट सांगता आलं नाही. बाईंनी प्रश्न फळ्यावर लिहून ठेवला आहे आणि उत्तर आम्ही या आठवड्यात पाठवत आहोत.
>
> व्हरांड्याच्या भिंती पालकांनी दोन संध्याकाळी खरवडून, घासून प्रायमर मारून तयार ठेवल्या होत्या. वरचा रंग आम्ही दिला.
>
> दप्तरं आम्ही न विचारता नेली. मुलांकडे ती आधीच होती. बाई आणि व्यवस्थापन समिती यांनी ठरवलं की नवी दप्तरं शाळेत ठेवायची आणि जूनमध्ये पहिलीत येणाऱ्यांना द्यायची.
>
> शाळेने सांगितलेली गरज: तिसरी ते पाचवी एका वर्गात वाचता येतील अशी गोष्टींची पुस्तकं, एकेका पुस्तकाच्या सहा प्रती. पुस्तकांची यादी शाळेने केली आहे. पाठवायची असतील तर आधी आम्हाला विचारा.
>
> हा मजकूर आणि फोटो शाळेने व संबंधित पालकांनी पाहून होकार दिल्यावर टाकले आहेत.

‘सहा प्रती’ हे बारकाईने ठेवलं आहे. बहुवर्ग खोलीत बाई एका गटाला शिकवत असताना दुसरा गट स्वतः वाचत बसतो. पाच-सहा मुलांच्या हातात एकाच पुस्तकाच्या प्रती असतील तर ती मिळून वाचतात, चर्चा करतात. वेगवेगळ्या पन्नास पुस्तकांची पेटी आली, तर त्यातली निम्मी कुणाच्या वाचनपातळीची नसतात आणि कपाटात राहतात. गरज अशी नेमकी लिहिली की मदतीच्या आवाहनात मुलांचे चेहरे वापरावे लागत नाहीत. मूळ पोस्टमध्ये आवाहन रडवणाऱ्या वाक्यांच्या लगेच खाली होतं, म्हणजे मुलीचं दुःख मदत मागायला वापरलं गेलं होतं.

दप्तरांची चूक मजकुरात ठेवायची की नाही, यावर गटात वाद झाला. ती ठेवणं योग्य होतं. वगळली असती तर जुनी पोस्ट पाहिलेल्यांना दप्तरांचं काय झालं हा प्रश्न राहिला असता, आणि ‘मुलांकडे ती आधीच होती’ हे वाक्य कुठेच आलं नसतं. मुलीच्या आईचा खरा आक्षेप तोच होता. त्या वाक्यात तिचं नाव नाही, मुलीचा उल्लेख नाही, पण तिला हवं होतं ते तिथे आहे.

चौथीच्या ज्या मुलीने दोन भरत्यांचा प्रश्न विचारला तिची इयत्ता मात्र ठेवली. आधीच्या नियमाप्रमाणे ओळख पटणारच होती, पण ही गोष्ट सांगितल्याचा तिला आनंदच होता आणि घरच्यांनीही हो म्हटलं. मजकूर टाकण्याआधी बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला. त्यात एक दुरुस्ती मुलांनी सुचवली. मसुद्यात ‘भरती’ एवढंच होतं. ‘भांगाची भरती’ लिहा, नाहीतर लोकांना वाटेल उधाण होतं, असं त्यांचं म्हणणं होतं. ती तशीच घेतली.

प्रतिक्रियांसाठीही आधी ठरवून ठेवलं होतं. ‘बिचारी मुलं’ अशी प्रतिक्रिया आली तर वाद न घालता ती लपवायची. कुणी विशिष्ट मुलाचा पत्ता किंवा ‘एखाद्या मुलाची जबाबदारी घ्यायची आहे’ असं विचारलं, तर माहिती न देता शाळेने दिलेल्या पुस्तकांच्या यादीकडे वळवायचं. पोस्ट ३० एप्रिलला, शाळेच्या निकालाच्या आदल्या दिवशी, काढायची तारीखही कागदावर होती तीच पाळायची.

दोन भरत्यांचं उत्तर गुरुवारी गेलं. चंद्राच्या बाजूचं पाणी चंद्र पृथ्वीपेक्षा जास्त ओढतो आणि पलीकडच्या बाजूचं पाणी पृथ्वीपेक्षा कमी, म्हणून दोन्ही बाजूंना पाण्याचा फुगवटा येतो आणि एका दिवसात आपण दोन्हींखालून जातो. सोबत चिकणमातीच्या गोळ्याने करून बघायची कृती होती. त्याच आठवड्यात पोस्टखाली डोंबिवलीहून कुणीतरी विचारलं, मग पौर्णिमेला किती वाजता? बाईंनी तो प्रश्न वर्गात नेला आणि दुसऱ्या दिवशी मुलांचं उत्तर तिथे लिहिलं: पंधराची पाऊणपट सव्वाअकरा.